सिनेमा सुरू होताना स्क्रीन काळी पडते : दोष बॉक्सचा, रिसीव्हरचा की टीव्हीचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी घरी ५५ इंची ४के टीव्ही घेतला. स्ट्रीमिंग बॉक्स आधीचाच आहे. त्याची एचडीएमआय जुन्या साउंड रिसीव्हरमध्ये जाते आणि रिसीव्हरमधून टीव्हीला. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या मेहुण्याकडे सगळं वेगळ्या कंपन्यांचं आहे आणि तिथेही हेच होतं.

बॉक्समध्ये कार्यक्रमाप्रमाणे डायनॅमिक रेंज बदलायची आणि कार्यक्रमाप्रमाणे फ्रेम रेट बदलायचा, असे दोन पर्याय आहेत. दोन्ही चालू केल्यावर सिनेमा फार सुंदर दिसतो, पण प्ले दाबलं की स्क्रीन पूर्ण काळी होते. मग चित्र येतं, परत जातं, परत येतं. तेवढ्यात पहिला संवाद होऊन गेलेला असतो. बॅक दाबून मेनूत आलं की पुन्हा तेच. आई रात्री दोन मालिका बघते, तिथेही दर भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी. तिला वाटतं टीव्ही बिघडला, आणि ती बॉक्सला हात लावायला घाबरायला लागली आहे. मला हे मनापासून सोडवायचं आहे. दोन्ही पर्याय बंद केले तर काळं होत नाही, पण मग कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं आणि ते एकदा दिसलं की दिसतच राहतं.

---

विनायक_सातारा

केबल बदला. ४के आणि एचडीआरला जुनी केबल पुरत नाही. ४८ जीबीपीएसची अल्ट्रा हाय स्पीड केबल घ्या, प्रश्न मिटेल. माझ्याकडे अगदी असंच होत होतं, केबल बदलल्यापासून एकदाही काळं झालेलं नाही.

---

अप्पा_मिरज

आमचाही टीव्ही काळा पडतो हो. आवाज व्यवस्थित येतो, चित्र मात्र नाही. आधी अर्ध्या तासाने जायचं, आता लावल्या लावल्या जातं. सेट टॉप बॉक्स बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. यावर कोणती सेटिंग करायची?

---

मुक्ता_ठाणे

अप्पा, तुमचं दुखणं वेगळं आहे. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि चित्र गेल्यावर टॉर्च स्क्रीनला टेकवून तिरका धरा. आत अंधूक चित्र हलताना दिसलं तर पॅनेलमागची एलईडी पट्टी गेली आहे. ती दुरुस्त करून मिळते, नवा टीव्ही घ्यायची घाई करू नका.

विनायक, तुमचं अर्धं बरोबर आहे. केबल कमजोर असेल तर चित्र मध्येच कधीही जातं, पांढरे ठिपके चमकतात, पंखा किंवा फ्रिज चालू झाला की झटका बसतो. इथे तसं नाही. गोदाकाठ यांचं चित्र फक्त सुरुवातीला आणि शेवटी जातंय, मधले दोन तास एकदाही नाही. केबलला सिनेमाची सुरुवात आणि शेवट कळत नाही. हा मोड बदलण्याचा काळोख आहे.

मी एका वाहिनीच्या एमसीआरमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या नियंत्रण कक्षात, बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा विषय रोजच्या कामातला. एचडीएमआयच्या तारेतून पिक्सेल एका ठरलेल्या तालावर धावतात. ४के ६० ला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमला, तो वेग ५९४ मेगाहर्ट्झ आणि ४के २४ ला बरोबर निम्मा, म्हणजे २९७. बॉक्सने ६० वरून २४ वर उडी मारली की ताल तुटतो. टीव्हीला तो नव्याने धरावा लागतो, त्यानंतर कॉपी-संरक्षणाची ओळखपरेड पुन्हा होते आणि मगच चित्र उघडतं. ६० वरून ५० वर गेलात तर वेग ५९४ च राहतो, पण ओळीची मांडणी बदलते, म्हणून पकड तिथेही सुटतेच.

डायनॅमिक रेंजचं थोडं निराळं आहे. एसडीआरवरून एचडीआरवर जाताना सिग्नलसोबतची चिठ्ठी बदलते आणि बहुतेक वेळा रंगाचे बिट वाढतात. पण टीव्हीला आतून सगळाच संसार हलवावा लागतो: बॅकलाइट, रंगांचे तक्ते, पिक्चर मोड. तो घोळ दिसू नये म्हणून बरेच टीव्ही स्वतःच पडदा टाकतात. त्यामुळे एकदा तारेसाठी आणि एकदा टीव्हीच्या मांडामांडीसाठी असं दोनदा काळं होऊ शकतं.

गोदाकाठ, एक काम करा. फोन स्टँडवर लावा, रिसीव्हर आणि टीव्ही दोन्ही एका चौकटीत येतील असा व्हिडिओ घ्या आणि प्ले दाबा. मग बॉक्स थेट टीव्हीला जोडून तेच पुन्हा. सिनेमा तोच ठेवा. सेकंद मोजून इथे लिहा, मग कोण किती वेळ खातंय ते कळेल.

---

निखिल_औंध

एवढा खटाटोप कशाला? सगळं कायम ४के एचडीआर ६० वर ठेवा आणि दोन्ही पर्याय बंद करा. माझ्या टीव्हीचं पॅनेल १२० चं आहे. ६० च्या सिग्नलमध्ये लपलेले २४ तो स्वतः शोधून काढतो आणि प्रत्येक फ्रेम पाच वेळा दाखवतो. अडखळणं शून्य, काळोख शून्य. गेली तीन वर्षं असंच चालू आहे.

---

मुक्ता_ठाणे

निखिल, २४ च्या सिनेमापुरतं तुमचं पटतं, पण टीव्हीला ती ओळख असेल आणि ती सेटिंग चालू असेल तरच. २४ फ्रेम ६० मध्ये बसवायच्या तर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, असा नेमाचा क्रम होतो. नेम आहे म्हणून टीव्हीला तो उलगडता येतो.

आपल्या मालिका मात्र २५ च्या किंवा ५० च्या. भारतात पाल या प्रसारण पद्धतीची परंपरा, वाहिन्यांचं सगळं काम ५० वर. २५ फ्रेम ६० मध्ये कोंबल्या की क्रम होतो दोन, दोन, तीन, दोन, तीन. हा उलगडणारे टीव्ही फार कमी. खाली सरकणारी बातम्यांची पट्टी बघा, अक्षरं सेकंदाला पाच वेळा लडखडतात. कॅमेरा दिवाणखान्यातून हळूच फिरला की भिंतीची कड थरथरते.

शिवाय कायम एचडीआर ठेवलं की एसडीआर मालिकेला एचडीआरचं सोंग बॉक्सने चढवायचं. ते नीट जमलं तर ठीक, नाही तर चेहरे एक तर फिकट नाही तर भडक. टीव्हीतल्या एसडीआरसाठी जुळवलेल्या सेटिंगही मग लागू होत नाहीत.

---

निखिल_औंध

मी मालिका बघत नाही, त्यामुळे ते लक्षात आलं नव्हतं. आज बातम्यांची पट्टी नीट बघितली. तुम्ही म्हणता तशी ती अडखळतेय खरी. चेहऱ्यांच्या रंगाबद्दल मात्र सहमत नाही, माझ्याकडे एसडीआर चांगलं दिसतं.

---

गोदाकाठ

मुक्ताताई, मोजलं. सिनेमा एचडीआर आणि २४ चा, मेनू ४के एसडीआर ६० वर.

रिसीव्हर मध्ये असताना: प्ले दाबलं त्या क्षणी काळं. अडीच सेकंदांनी रिसीव्हरमधून टक असा आवाज आणि त्याच्या पट्टीवरची अक्षरं गेली. चौथ्या सेकंदाला चित्र आलं. पाचव्याला परत गेलं, टीव्हीच्या कोपऱ्यात HDR अशी चौकट उमटली. साडेसातला चित्र पक्कं झालं. आवाज मात्र सहाव्या सेकंदालाच सुरू झाला होता, म्हणून संवाद हुकतो. बाहेर येताना पाच सेकंद.

बॉक्स थेट टीव्हीला: एकदाच काळं, साधारण तीन सेकंद. बाहेर येतानाही तेवढंच.

म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ रिसीव्हर खात होता! माझा सगळा संशय टीव्हीवर होता.

---

मुक्ता_ठाणे

छान मोजलंत. रिसीव्हर मध्ये असला की ओळखपरेड दोनदा होते, बॉक्स आणि रिसीव्हरची एक, रिसीव्हर आणि टीव्हीची दुसरी. एक अडली की दुसरी थांबते. तो टक आवाज आतल्या रिलेचा. सिग्नल गेला म्हणून त्याने स्पीकर तोडले आणि परत जोडले.

आता बॉक्स थेट टीव्हीलाच राहू द्या आणि टीव्हीतून आवाज उलटा रिसीव्हरला न्या. रिसीव्हर जुना आहे म्हणता, तर त्यावर eARC लिहिलंय की नुसतं ARC ते बघा. नुसत्या ARC मधून डॉल्बीचा दाबलेला आवाज जातो, न दाबलेला बहुवाहिनी आवाज जात नाही. तुमचा बॉक्स आवाज स्वतः उलगडून पाठवत असेल तर पाच स्पीकरच्या जागी दोनच वाजतील. तसं झालं तर बॉक्सच्या आवाजाच्या पानावर डॉल्बी डिजिटल ५.१ निवडा.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. तुमच्या घरात सर्वात जास्त काय बघितलं जातं? आईच्या मालिका. मग मेनू ६० वर कशासाठी ठेवायचा? मेनूचा मूळ मोड ४के एसडीआर ५० करा आणि दोन्ही जुळणी चालूच ठेवा. मालिका २५ ची असो वा ५० ची, ५० वर ती नेमकी बसते, २५ ची प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. रेंजही एसडीआरच. बदलायला काही उरलंच नाही, तर काळोख येईल कुठून? सिनेमाला मात्र मोड बदलेल आणि तो बदलायलाच हवा. २४ फ्रेम ५० मध्ये नीट बसत नाहीत.

---

शशांक_डोंबिवली

मुक्ताताईंच्या सल्ल्याला जोड म्हणून जागा सांगतो, शोधण्यात वेळ जायला नको. ॲपल टीव्हीवर Settings मध्ये Video and Audio, तिथे Format मध्ये 4K SDR 50Hz निवडायचं आणि खाली Match Content मधले दोन्ही पर्याय चालू. फायर टीव्हीवर Display & Sounds मधल्या Display पानावर रिझोल्यूशन 2160p 50Hz, Match Original Frame Rate चालू आणि Dynamic Range Settings मध्ये Adaptive. Always HDR ठेवलं तर मेनूही एचडीआरमध्येच राहतो. गूगल टीव्हीच्या नव्या बॉक्सवर फ्रेम रेट जुळवायला तीन पायऱ्या असतात: कधीच नाही, खंड न पडता जमलं तरच, आणि खंड पडला तरी चालेल. मधली निवडली तर साध्या एचडीएमआयवर बहुतेक वेळा काहीच बदलत नाही आणि लोक म्हणतात पर्याय चालतच नाही.

मोड खरंच बदलला का हे टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबून दिसतं. अँड्रॉइड बॉक्स असेल आणि लॅपटॉपवरून adb जोडता येत असेल तर सिनेमा चालू असताना हे बघा:

```
adb shell "dumpsys display | grep -i mActive"
```

सिनेमाच्या आधी आणि सिनेमात असं दोनदा चालवलं की फरक कळतो.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी घरातल्या डिस्कवरचे सिनेमे कोडीवर बघतो. पहिला संवाद हुकण्याचं दुखणं तिथे कायमचं गेलं. System मधल्या Display पानावर Delay after change of refresh rate असा पर्याय आहे. मी तो चार सेकंदांवर ठेवलाय. टीव्ही सावरेपर्यंत सिनेमा थांबून राहतो, एकही शब्द जात नाही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये अशी सोय मला कुठे सापडली नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मनापासून हवी आहे.

---

राइनकाठ

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असतो. इथेही टीव्हीचं प्रसारण ५० चंच, त्यामुळे मुक्ताताईंचा ५० चा सल्ला मी गेली काही वर्षं न कळता पाळतोय. घरात एकीकडे जर्मन बातम्या, दुसरीकडे मराठी मालिका, दोन्ही ५० वर गुण्यागोविंदाने चालतात.

क्यूएमएसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एचडीएमआय २.१ मध्ये ही सोय आहे. तारेचा ताल न तोडता दोन फ्रेममधलं अंतर कमीजास्त करून रेट बदलतात, म्हणून काळं होतच नाही. २०२२ च्या ॲपल टीव्ही ४के मध्ये ती आहे, पण टीव्हीतही हवी, आणि ती असलेले टीव्ही अजून मोजकेच. मी मागच्या वर्षी टीव्ही बदलला तेव्हा हेच बघून घेतला. ५० च्या मेनूतून २४ च्या सिनेमात जाताना पापणी लवावी इतकंही कळत नाही.

पण यात एक मेख आहे. क्यूएमएस फक्त रेटसाठी. रेंज बदलली, एसडीआरवरून एचडीआरवर गेलो, की पूर्वीसारखंच काळं. म्हणून मी मेनू एचडीआरमध्ये ठेवून पाहिला. एचडीआर सिनेमे अगदी अलगद सुरू होतात, पण एसडीआर मालिकेला पुन्हा काळोख. कुठे तरी एकीकडे द्यावंच लागतं.

---

विनायक_सातारा

मुक्ताताई, तुमचं वाचून माझं आठवलं. माझं चित्र सिनेमाच्या मधेच जायचं, सुरुवातीला नव्हे, म्हणून केबलने बरं झालं. गोदाकाठ, माझ्या सांगण्यावरून केबल मागवली नसेल अशी आशा आहे.

---

गोदाकाठ

विनायकदादा, नाही मागवली.

आठवडाभर वापरून लिहितोय. बॉक्स थेट टीव्हीला, मेनू ४के एसडीआर ५०, दोन्ही जुळणी चालू. रिसीव्हरवर नुसतं ARC आहे. पहिल्या रात्री खरंच दोनच स्पीकर वाजले. डॉल्बी डिजिटल ५.१ केल्यावर मागचेही बोलायला लागले.

सोमवारी आईला काही न सांगता मालिका लावली. भाग सुरू झाला, काळं झालं नाही. भाग संपला, पुढचा लागला, तेव्हाही नाही. ती म्हणाली, "दुरुस्त करून आणलास वाटतं." नायिका गच्चीच्या कठड्यालगत चालत जाते तो प्रसंग मी मुद्दाम दोनदा पाहिला, कठड्याच्या जाळीची एकही सळई थरथरत नाही.

सिनेमाला तीन सेकंदांचा एकच काळोख राहिला आहे. त्याला माझी हरकत नाही. आवाज आता चित्राबरोबरच सुरू होतो.

दोन गोष्टी राहिल्यात. मेनूत फिरताना पोस्टर सरकतात ती ६० इतकी मऊ नाहीत, थोडी ओढल्यासारखी वाटतात. आणि एका ॲपवर जाहिरातींचं स्वस्त सदस्यत्व आहे. तिथे एचडीआर सिनेमाच्या मध्ये जाहिरात लागली की काळं, जाहिरात संपली की पुन्हा काळं. एका सिनेमात आठ वेळा मोजलं.

---

मुक्ता_ठाणे

पोस्टर सरकताना तसंच दिसणार, ५० म्हणजे ५० च. डोळ्यांना सवय होते.

जाहिरातींचा अंदाज असा की त्या एसडीआरमध्ये आहेत आणि त्यांचा रेटही सिनेमाहून वेगळा. ॲप प्रत्येक वेळी बॉक्सला मोड बदलायला सांगतं. त्या ॲपवर एचडीआर सिनेमा बघायच्या दिवशी फक्त रेंजची जुळणी बंद करून बघा. सिनेमा एसडीआरमध्ये येईल, पण रेट २४ राहील. तरीही काळोख गेला नाही, तर रेटही बदलतोय असं समजा. टीव्हीच्या माहितीच्या बटणावर जाहिरातीच्या वेळी काय आकडा येतो तोही बघा.

आणि एक ध्यानात ठेवा. सगळी ॲप जुळणी मागतातच असं नाही. एखादं ॲप बॉक्सला रेट सांगतच नाही. तसल्या ॲपवर ३० चा व्हिडिओ ५० च्या मेनूत अडखळेल आणि तेव्हा दोष ५० चा वाटेल. मुलं असले ३० चे व्हिडिओ जास्त बघत असतील तर ६० च बरं.

---

शशांक_डोंबिवली

माझ्या भावाकडे नेमका हाच पेच. दुपारी मुलांचे ३० चे व्हिडिओ, रात्री आजीची मालिका. त्याने शेवटी मुलांसाठी टीव्हीतलंच ॲप ठेवलं आणि बॉक्स ५० वर केला. टीव्हीतल्या ॲपला तारेतून जायचं नसतं, तिथे मोड बदलला तरी काळोख अगदी क्षणभराचा.

---

गोदाकाठ

काल रात्री बघितलं. जाहिरातीत टीव्ही 3840x2160 50Hz दाखवतो, सिनेमात 24Hz. रेंजची जुळणी बंद केल्यावर काळोख तितक्याच वेळा आला, फक्त दर वेळी तीनऐवजी दोन सेकंद. म्हणजे मुक्ताताई म्हणाल्या तसं, रेटही बदलतोय. मग त्या ॲपपुरती रेटची जुळणीही बंद केली. काळोख गेला, पण सिनेमा ५० वर आला आणि गाडीतून दिसणारी झाडं धक्के खात पळायला लागली. ते मला बघवलं नाही, दोन्ही पर्याय परत चालू केले.

डॉल्बी व्हिजनच्या सिनेमाला अजून दोनदा काळं होतं, मिळून चार सेकंद. साध्या एचडीआरला एकदाच. बॉक्स थेट टीव्हीलाच आहे, म्हणजे रिसीव्हरचा यात काही संबंध नाही. हे कुणी सोडवलं असेल तर लिहा.

---

राइनकाठ

माझ्याकडेही डॉल्बी व्हिजनला दोनदा होतं, क्यूएमएस असूनही. टीव्हीचं सॉफ्टवेअर दोनदा अद्ययावत झालं, फरक पडला नाही. मीही इथे लक्ष ठेवून आहे.

---

अप्पा_मिरज

मुक्ताताई, टॉर्च लावून बघितली. आत चित्र दिसलं, बातम्या देणारी बाई अंधूक हलत होती. उद्या पट्टी बदलायला माणूस येतोय.